टीएसएच ०.०४ आलाय, पण त्रास काहीच नाही. पुन्हा तपासू का?

मुग्धा_म: धाकट्या बहिणीचा रिपोर्ट काल आला. टीएसएच ०.०४, फ्री टी४ ३.९ (लॅबची वरची मर्यादा १.७). डॉक्टर म्हणाले थायरॉईड जास्त काम करतोय, गोळ्या लिहून दिल्या. पण धडधड नाही, हात थरथरत नाहीत, वजन उलट २ किलो वाढलंय. दुसऱ्या लॅबमध्ये करू का? लवकर सांगा, गोळ्या आणून ठेवल्यात.

आबा_सातारकर: उपाशीपोटी गेली होती का? चहा पिऊन गेलं की सगळा रिपोर्ट बिघडतो.

मुग्धा_म: चहा-बिस्किट खाऊन गेली होती. म्हणजे रिपोर्ट बाद?

लॅबवाली: नाही हो. चहा-बिस्किटाने साखर आणि ट्रायग्लिसराइड बदलतात. टीएसएच थोडाफार हलेल, पण इतका तळाला जाणार नाही. ती गोळ्या कुठल्या घेते?

मुग्धा_म: कुठल्याच नाही.

रानपाखरू: माझ्या वडिलांचं पोटॅशियम ६.४ आलं होतं, रात्रभर झोप नाही कुणाला. रिपोर्टखाली बारीक अक्षरात 'नमुना हिमोलाइज्ड'. पुन्हा रक्त दिलं तर ४.३! तुमच्याही रिपोर्टखाली बघा.

लॅबवाली: रक्त काढताना पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम नमुन्यात उतरतं, तिथे लगेच पुन्हा रक्त घ्यायलाच हवं. पण पेशी फुटल्याने टीएसएच खाली आणि टी४ वर असं चित्र होत नाही. मुग्धाताई, केसांसाठी काही घेते का, ते नीट विचारा.

मुग्धा_म: घेते!! म्हणे 'ते औषध नाही, व्हिटॅमिन आहे'. डबीवर बायोटिन १०,००० एमसीजी. त्या दिवशी सकाळीही घेतली होती.

लॅबवाली: दिवसाची गरज साधारण ३० एमसीजी. बऱ्याच यंत्रांच्या किटमध्ये पकड घेण्यासाठी बायोटिनच वापरतात, रक्तातलं जास्तीचं बायोटिन तीच जागा अडवून बसतं. टीएसएचमध्ये जेवढं पकडलं तेवढा आकडा, म्हणून तो खोटा कमी येतो. टी४ची पद्धत उलटी, पकड सुटली की आकडा फुगतो. कागदावर हुबेहूब थायरॉईडचा आजार. त्याच पद्धतीने अँटीबॉडी तपासली तर तीही वाढलेली दिसू शकते, म्हणून तिच्यावरही विसंबू नका.

आजच डॉक्टरांना फोन करून हे सांगा आणि गोळी सुरू करायची की थांबायचं ते त्यांनाच ठरवू द्या. बायोटिन निदान २ दिवस बंद ठेवून पुन्हा तपासा. किडनीचा त्रास असेल तर जास्त दिवस लागतात. नुसती लॅब बदलून उपयोग नाही, तिथेही तसंच किट असू शकतं. आणि आकडे पुन्हा तेच आले, तर आजार खरा धरायचा. त्रास नाही म्हणून सोडून द्यायचं नाही.

रानपाखरू: मग लॅबने आधी विचारायला नको?

लॅबवाली: आम्ही विचारतो. लोक 'औषध नाही' म्हणतात. नवी किटं बरंच बायोटिन सहन करतात, पण सगळीकडे तीच आहेत असं नाही.

मुग्धा_म: डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्यात. शनिवारी पुन्हा रक्त द्यायचंय.

आबा_सातारकर: तरी उपाशीच जाऊ दे तिला.