शब्दचर्चा: 'ऑटोकरेक्ट'ला काय म्हणावं? (आणि '(स्वत:)' मधला हसरा चेहरा)

गिरगावकर: आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांसाठी एक पानी माहितीपत्रक करतोय, विषय 'ऑटोकरेक्ट कसं बंद करावं'. मी 'स्वयंसुधार' लिहिलं. तळमजल्यावरच्या काकूंनी वाचून विचारलं, "हे सुधारगृहाचं काही आहे का?" चांगला शब्द सुचवा.

पत्रक का निघालं तेही सांगतो. आमच्या सेक्रेटरींनी ऑफिसातल्या आऊटलुकवरून सोसायटीच्या वकिलांना मेल केली. वाक्य होतं, "सदर थकबाकी सभासदाने (स्वत:) भरावयाची आहे." वकिलांच्या कॉम्प्युटरवर कंसाच्या जागी हसरा चेहरा दिसला आणि फोनवर '(स्वतJ' असं. सव्वा लाखाच्या थकबाकीचं पत्र. वकील म्हणाले, "हा J कोण?"

भाषाशुद्धी_दादर: 'सुधार' हिंदी वळणाचा आहे, मराठीत 'सुधारणा'. पण इथे तीही नको. प्रूफरीडिंगला आपल्याकडे 'मुद्रितशोधन' आहेच, त्यावरून 'स्वयंशोधन' करा.

पार्लेकरीण: स्वयंशोधन म्हणजे हिमालयात जाऊन करतात ते ना?

भाषाशुद्धी_दादर: 'महापौर' हा शब्दही पहिल्यांदा कानाला असाच लागला असेल. आज 'मेयर' कोण म्हणतं?

लोकल_8_12: शब्द राहू द्या, बंद कसं करायचं ते सांगतो. फोनच्या कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑटोकरेक्शन बंद करा. विषय संपला.

जुना_मुद्रितशोधक: नाही हो. मेल गेली कॉम्प्युटरवरून, फोनचा संबंधच नाही. बंद करण्याची गोष्ट बरोबर, जागा चुकली.

गिरगावकर, 'स्वत:' तुमच्या सेक्रेटरींनी कसं टाइप केलं ते त्यांना विचारा. माझी खात्री आहे की विसर्गाच्या जागी त्यांनी अपूर्णविराम मारला, म्हणजे इंग्रजी कोलन. त्याच्या लगेच पुढे कंस मिटवला, म्हणजे कोलन आणि कंस शेजारी आले. आऊटलुकच्या यादीत ही जोडी म्हणजे हसरा चेहरा. तो जोडी उचलतो आणि तिथे विंगडिंग्ज फॉन्टमधलं J ठेवतो, कारण त्या फॉन्टमध्ये J च्या घरात हसरा चेहरा बसवलेला आहे. ज्या फोनवर तो फॉन्ट नाही त्यावर चेहरा जातो आणि नुसतं J उरतं. L च्या घरात रडका चेहरा आहे, म्हणजे कोलन आणि उघडणारा कंस एकत्र आले की समोरच्याला L दिसू शकतो.

गिरगावकर: विचारलं. कोलनच मारला होता. "विसर्ग कुठे असतो ते तीस वर्षांत कोणी सांगितलं नाही," म्हणाले.

जुना_मुद्रितशोधक: इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून शून्याच्या उजवीकडची, वजाची कळ. तो खरा विसर्ग: स्वतः. दिसायला फरक फार थोडा, म्हणून फसगत होते. ओळखायचं असेल तर शोधचौकटीत कोलन टाका आणि बघा. 'स्वत:' सापडला तर कोलन आहे, नाही सापडला तर विसर्ग आहे. आमच्या छापखान्यात 'दु:ख', 'अंत:करण', 'अक्षरश:' असे शेकडो कोलन रोज बदलावे लागायचे.

आता बंद करणं. जुन्या, म्हणजे क्लासिक आऊटलुकमध्ये: File → Options → Mail → Editor Options → Proofing → AutoCorrect Options. जी चौकट उघडते तिच्यात Replace च्या रकान्यात `:)` टाका, यादी त्या ओळीवर जाईल. ती निवडून Delete. मग `:(` आणि `:|` चंही तेच करा. Replace text as you type ची खूणच काढलीत तर यादीतली बाकीची कामंही थांबतील, teh चं the करणं वगैरे. म्हणून मी ओळीच काढतो. वर्डमध्येही ही यादी एकदा तपासा.

एखाद्याच वेळी झालं तर लगेच Ctrl+Z. चेहरा जातो, कोलन-कंस परत येतात.

मुलुंडची_मावशी: माझं वेगळंच. नणंदेच्या सासऱ्यांच्या वेळी मी फोनवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि पुढे केक गेला. मी केक लिहिला नव्हता. हे पण J मुळे का?

पार्लेकरीण: मावशी, केक!! 🙈

जुना_मुद्रितशोधक: मावशी, तुमचं प्रकरण वेगळं. फोनने काही बदललेलं नाही. कीबोर्डच्या वरच्या पट्टीत शब्दांबरोबर चित्रंही येतात आणि स्पेस मारताना अंगठा तिथे लागतो. जीबोर्ड असेल तर Settings → Text correction → Show suggestion strip बंद करा, पट्टीच जाईल. पण मग शब्दही सुचणार नाहीत, सगळं अक्षर अक्षर टाइप करावं लागेल.

लोकल_8_12: आयफोनवाल्यांनी Settings → General → Keyboard → Keyboards → Edit मध्ये जाऊन Emoji कीबोर्डच काढून टाकावा. मी काढलाय.

मुलुंडची_मावशी: अरे, पण मग नमस्काराचे हात 🙏 कसे पाठवायचे? ते तर हवेतच. मी पट्टीच बंद करते. नाहीतरी 'पोळ्या' लिहिलं की 'पोळी' सुचवते मेली.

भाषाशुद्धी_दादर: मुद्दा निसटतोय. आऊटलुकने 'बदल' केला, मावशींच्या फोनने 'सुचवलं'. दोन्हींना एकच शब्द लावलात म्हणून लोकल_8_12 फोनमध्ये शोधत बसले. पहिल्याला 'स्वयंबदल' म्हणा, दुसऱ्याला 'सूचक शब्द'.

लोकल_8_12: मान्य, माझा फोन झाला. पण स्वयंबदल?? माणूस स्वतः बदलला असं वाटतं.

पार्लेकरीण: मी तर 'आपोआप दुरुस्ती' म्हणेन. आजीलाही कळेल.

भाषाशुद्धी_दादर: 'दुरुस्ती' फारसी आहे.

पार्लेकरीण: 'कागद' कुठला आहे मग? आणि तुम्ही रोज ज्यावर लिहिता ती 'शाई'?

जुना_मुद्रितशोधक: 'दुरुस्ती' माझ्याही मनात बसते, पण इथे दुरुस्ती होतच नाही, उलट मोडतोड होते. असो. शब्द निघालाच आहे तर, इमोजीला 'भावचिन्ह' म्हणताना लोक 'इमोशन'वरून आलाय असं समजतात. तो जपानी आहे: 'ए' म्हणजे चित्र, 'मोजी' म्हणजे अक्षर. इंग्रजीशी साम्य योगायोगाचं. म्हणून मी 'चित्राक्षर' म्हणतो.

पार्लेकरीण: आमच्या बाईंनी वर्गात 'इमोशन' सांगितलं होतं, फळ्यावर लिहून. मी त्यांनाच मानणार.

गिरगावकर: शब्दाचं नंतर बघू. एक शंका. सेक्रेटरी आता विसर्ग नीट मारतात. पण काल सूचना लिहिली, "थकबाकी पुढीलप्रमाणे :( मार्चअखेर )". ती व्हॉट्सअ‍ॅप वेबवर गेली आणि रडका चेहरा आला. तिथे तर खराच कोलन हवा होता.

जुना_मुद्रितशोधक: हो, तिथे विसर्ग वाचवणार नाही. व्हॉट्सअ‍ॅप वेबमध्ये Settings → Chats → Replace text with emoji बंद करा. किंवा कोलनपुढे कंस आणूच नका, 'पुढीलप्रमाणे' नंतर ओळ सोडा. मी दुसरं करतो. समोरच्याकडे काय चालू आहे ते आपल्या हातात नाही.

लोकल_8_12: थकबाकीच्या यादीला रडका चेहरा योग्यच होता की.

गिरगावकर: 😄 पत्रक उद्या छापायला द्यायचंय. मथळा 'ऑटोकरेक्ट बंद करा' असाच ठेवला, खाली तुमच्या पायऱ्या. 'विसर्ग कुठे असतो' ही ओळ सर्वांत वर, ठळक.

भाषाशुद्धी_दादर: 'पायऱ्या'? इंग्रजी 'स्टेप्स'चं भाषांतर. 'कृती' म्हणा.

मुलुंडची_मावशी: कृती म्हटलं की मला चकलीच आठवते.