मदत हवी आहे: ग्रुप आरोग्य विम्याचं कोटेशन मागताना काय लिहावं?

नमस्कार. ऑफिसच्या ग्रुप आरोग्य विम्यासाठी ब्रोकरला पत्र लिहितोय. कर्मचारी ४६, जोडीदार ३१, मुलं ३८ आणि आईवडील २७, म्हणजे एकूण १४२ जण. कर्मचाऱ्यांपैकी २९ जण पस्तिशीच्या आतले, १२ जण ३६ ते ४५ मधले आणि ५ त्याहून मोठे. आईवडिलांपैकी ९ जण सत्तरीपुढचे आहेत आणि प्रीमियम वाढतो तो बहुतेक त्यांच्यामुळेच. पण त्यांना वगळायचं माझ्या मनात नाही, कारण खरी गरज त्यांनाच आहे.

म्हणून दोन वेगळी कोटेशनं मागतोय: एक आईवडिलांसह, एक त्यांच्याशिवाय. दोन्हींत आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर हवेत, प्रसूती नऊ महिने न थांबता, आणि बाळालाही जन्मापासून संरक्षण.

मागच्या वेळी स्वस्त कोटेशन घेतलं आणि खोलीभाड्याची मर्यादा नंतर कळली. एका सहकाऱ्याने महागडी खोली घेतली, तर भाड्यातला फरकच नाही, डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात कापला गेला.

ही कपात नको, हे पत्रात नेमकं कसं लिहू? आणि आईवडिलांसाठी को-पे, म्हणजे बिलातला आपण स्वतः भरायचा वाटा, किती टक्क्यांपर्यंत मान्य करावा?