क्रिस्टल नाही, कपॅसिटर काढा

"DS1307 या घड्याळाच्या चिपला ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल आणि दोन्ही पायांना २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर लावलेत. घड्याळ रोज चारेक सेकंद मागे पडतं. क्रिस्टल बदलू का?"

क्रिस्टल बदलू नका, ते दोन कपॅसिटर काढा. या चिपच्या आतच १२.५ पिकोफॅरडचा लोड आहे आणि क्रिस्टलही तेवढ्याच लोडचा लागतो. बाहेरचे दोन २२ चे क्रिस्टलच्या दृष्टीने सिरीजमध्ये येतात, म्हणजे ११ ची भर. एकूण लोड झाला साधारण २३.५. लोड वाढला की क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी खाली सरकते, कमी झाला की वर. ती किती सरकेल हे असं काढतात:

Δf/f = (C1/2) × [1/(C0+CL') − 1/(C0+CL)]

C1 म्हणजे क्रिस्टलची मोशनल कपॅसिटन्स, C0 शंट. अशा छोट्या क्रिस्टलसाठी C1 सुमारे ०.००३ आणि C0 सुमारे १.२ पिकोफॅरड धरा. मूळ लोड CL १२.५ आणि नवा लोड CL' २३.५ घातला की उत्तर येतं उणे ४९ पीपीएम. एक पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद, म्हणून रोज ४.२ सेकंद मागे. तुमचा आकडा अगदी इथेच बसतो!

उन्हाळ्यात खोली ३५ अंशांवर गेली तरी तापमानामुळे दिवसाला जेमतेम ०.३ सेकंद जातात, तेव्हा त्यावर खापर फोडू नका.

फ्रिक्वेन्सी मोजायला प्रोब क्रिस्टलच्या पायावर मात्र लावू नका, प्रोबची स्वतःची कपॅसिटन्सच लोड बदलते. SQW पायाला पुल-अप रेझिस्टर देऊन १ हर्ट्झचा आउटपुट चालू करा आणि तिथे मोजा.