रात्री घेतलेली सर्दीची गोळी पहाटेच्या स्टिअरिंगवर किती उरते?

घाटवाट
नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरून वाशीला जातो. रात्री 1 ला निघतो, 3 च्या सुमारास माळशेज उतरत असतो. दसऱ्यापासून नाक नुसतं गळतंय, एका दमात दहा-दहा शिंका. डॉक्टर म्हणाले अ‍ॅलर्जी आहे. मी संध्याकाळी 8 ला जेवून सर्दीची गोळी घेतो आणि चार-साडेचार तास झोपतो. झोप काढूनच गाडीवर बसतो, मग काही हरकत आहे का? मित्र म्हणतो बिनझोपेची गोळी घे. पण ती महाग, आणि कामही करत नाही असं ऐकलंय.

मेडिकलवाले काका
भाऊ, पंचवीस वर्षं दुकान चालवतोय. सीपीएमची गोळी रात्री घ्यायची, गुंगी झोपेत निघून जाते, सकाळी माणूस ताजातवाना. दोन-चार दिवसांत शरीराला सवय होते, मग दिवसाही डोळे जड होत नाहीत. दहापट पैसे देऊन नवीन गोळी घ्यायची गरज नाही. आणि एक लक्षात घ्या, घाटात एका मागे एक शिंका आल्या तर डोळे मिटतातच. गोळी न घेणं हाही धोकाच आहे.

कारखान्याची डॉक्टर
काकांचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. नेदरलँड्समध्ये मास्त्रिख्तच्या संशोधकांनी अ‍ॅलर्जीच्या रुग्णांना खऱ्या रस्त्यावर गाडी चालवायला लावली, तेव्हा उपचार न घेतलेल्यांची गाडी लेनमध्ये जास्त डुलत होती. पण "गुंगी झोपेत निघून जाते" हे मला मान्य नाही.

घाटवाट दादांचंच वेळापत्रक घेऊ. क्लोरफेनिरामाइन, म्हणजे सीपीएम, मोठ्या माणसाच्या रक्तात निम्मं व्हायला साधारण 20 तास लागतात. 8 ला गोळी घेतली तर ती पूर्ण चढायलाच दोन-तीन तास. 3 वाजता, म्हणजे ऐन घाटात, पाऊण भागाहून जास्त औषध अंगात असतं. दुसऱ्या दिवशी 8 ला पुन्हा गोळी घेताना कालची जवळजवळ निम्मी शिल्लक असते. रोज घेतली की थर साचत जातो. झोप चार तासांत संपते, औषध संपत नाही.

आणि "डोळे जड होत नाहीत" हीच फसवी गोष्ट आहे. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात अ‍ॅलर्जीच्या 40 रुग्णांना ड्रायव्हिंगच्या सिम्युलेटरवर बसवलं होतं, अभ्यास 2000 साली छापून आला. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी चार गोष्टी दिल्या: जुनी गुंगीची गोळी, फेक्सोफेनाडीन ही बिनझोपेची गोळी, दारू आणि नुसती खोटी गोळी. दारू होती दर 100 मिलिलिटर रक्तात सुमारे 100 मिलिग्रॅमपर्यंत, आपल्याकडे कायद्याची मर्यादा 30 आहे. एकूण ड्रायव्हिंग सर्वांत वाईट झालं ते गुंगीच्या गोळीवर, दारूपेक्षाही. आणि ज्यांनी "मला झोप येत नाही" म्हणून सांगितलं त्यांची गाडी नीट चालेलच असं नव्हतं. माणसाचा स्वतःविषयीचा अंदाजच तिथे चुकतो.

मेडिकलवाले काका
मॅडम, ती गोळी डायफेनहायड्रामिन होती, 50 मिलिग्रॅम. सीपीएम 4 ची असते. एकीचं माप दुसरीला कसं लावता?

कारखान्याची डॉक्टर
बरोबर पकडलंत, तो अभ्यास सीपीएमचा नव्हता. पण दोन्ही गोळ्या मेंदूत शिरतात आणि एकाच जागी बसतात. हिस्टामिन नाकात शिंका आणतं, पण मेंदूत तेच आपल्याला जागं ठेवतं. गोळी नाकातलं बंद करते तसं मेंदूतलंही. फेक्सोफेनाडीन मेंदूच्या दाराशी आलं तरी तिथले पंप ते बाहेर ढकलतात, म्हणून ते आत जवळजवळ पोचतच नाही. सवयीबद्दल म्हणाल तर गुंगी काही दिवसांत कमी जाणवते हे खरं. हाताचा वेगही पूर्ववत होतो का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. म्हणून त्या भरवशावर भरलेली गाडी घाटात नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खडूफळा
माझा अनुभव वेगळा आहे. मी शाळेत शिकवते, खडूच्या धुळीने शिंका. डॉक्टरांनी बिलास्टिन 20 दिली. गुंगी अजिबात नाही, पण उपयोगही नाही! पोहे-चहा झाला की लगेच घेत होते, आठ दिवस. शेवटी कंटाळून सोडून दिली. तेव्हा घाटवाट दादा म्हणतात ते खोटं नाही, या गोळ्या कामच करत नाहीत.

कारखान्याची डॉक्टर
ताई, पोह्यांवर घेतलीत तिथेच घोटाळा झाला. बिलास्टिन रिकाम्या पोटी लागते, खाण्याआधी एक तास किंवा खाल्ल्यावर दोन तासांनी. अन्न पोटात असलं तर ती कमी शोषली जाते. फेक्सोफेनाडीनचं तसंच फळांच्या रसाशी वाकडं आहे. संत्र्याचा, सफरचंदाचा रस नको, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. "काम करत नाही" म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत हे कारण बऱ्याचदा निघतं. दुसरं कारण म्हणजे नाक चोंदणं. शिंका, खाज, पाणी यांवर गोळी चालते, चोंदलेल्या नाकावर कुठलीच फारशी चालत नाही. तिथे नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा लागतो. त्याचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, आणि गुंगीचा प्रश्नच नाही. फवारा मारताना नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या दिशेने ठेवायचं. पडद्यावर मारला की रक्त येतं आणि लोक घाबरून बंद करतात.

लेथवाला
मी चाकणला सीएनसीवर आहे. रोज सेट्रिझिन 10 घेतो. दुकानात म्हणाले ही बिनझोपेची. दुपारी जेवल्यावर मात्र मशीनसमोर डुलकी येते. मग ही कोणत्या गटात?

कारखान्याची डॉक्टर
मधल्या. सीपीएमपेक्षा खूपच कमी, पण थोडी मेंदूत जाते. बऱ्याच जणांना काही होत नाही, काहींना होतं, तुम्हाला होतंय असं दिसतं. अमेरिकेत वैमानिकांना फेक्सोफेनाडीन, लोराटाडीन घेऊन उडता येतं, सेट्रिझिन घेऊन नाही. लेव्होसेट्रिझिन तिचंच भावंड. तुमच्या डॉक्टरांना गोळी बदलून मागा.

मेडिकलवाले काका
निम्मी औद्योगिक वसाहत सेट्रिझिनवर चालते, मॅडम. डुलकी जेवणाची नाही कशावरून? सरसकट बंद करणं मला पटत नाही.

कारखान्याची डॉक्टर
सरसकट म्हणत नाही मी. लेथवाले दादा, लागोपाठ दोन सुट्ट्या आल्या तर डॉक्टरांना विचारून गोळी न घेता, नेहमीच्या वेळी जेवून बघा. डुलकी गेली तर उत्तर मिळेल.

घाटवाट
आत्ता केबिनच्या दिव्यात पट्टी उलटी करून वाचली. अक्षर मुंगीएवढं. पॅरासिटामॉल, फिनाइलेफ्रीन आणि शेवटी क्लोरफेनिरामाइन मॅलिएट 2 मिलिग्रॅम. मी दोन घेत होतो. आणि डॉक्टरांनी दिलेली दुसरी पट्टी आहे ती लेव्होसेट्रिझिनची, तीही रात्रीच. म्हणजे दोन्ही एकदम चालल्या होत्या. मागच्या आठवड्यात मोरोशीच्या अलीकडे एका वळणावर ब्रेक लावायला उशीर झाला होता. मी टायरला दोष दिला होता.

कारखान्याची डॉक्टर
दादा, आज रात्रीची फेरी दुसऱ्या कुणाला देता येईल का बघा. दोन्ही पट्ट्या घेऊन उद्या डॉक्टरांकडे जा आणि तुमची निघायची वेळ त्यांना सांगा, ती त्यांना माहीत नसेल. नवीन गोळी मिळाली की पहिला डोस गाडी नसेल त्या दिवशी घ्या. सीपीएम बंद केल्यावरही दोन दिवस तिचा अंश अंगात असतो, तो धरून चाला.

घाटवाट
भावाला फोन केलाय, तो येतोय. मी क्लीनरच्या सीटवर बसेन.