अनुभव धागा: वयात येणाऱ्या मुलांचा पॉकेटमनी आणि त्यांची पहिली बचत

राजारामपुरी, नववीतल्या मुलाची आई

आमच्या मुलाला ठरलेला पॉकेटमनी नाही. लागेल तसे मागतो, आम्ही देतो. क्लासवरून येताना मित्रांबरोबर काही खाल्लं की माझ्या फोनवर क्यूआरचा फोटो येतो आणि मी पैसे पाठवते. परवा महिन्याचा हिशेब बघितला, तर असे वीस-तीस-पन्नास करत १,९०० रुपये गेले होते. त्याला विचारलं तर तो मनापासून म्हणाला, "चारशे-पाचशे झाले असतील." तो खोटं बोलत नव्हता, त्याला खरंच माहीत नव्हतं, म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. त्याला गिअरची सायकल हवी आहे. त्या निमित्ताने बचत शिकवावी म्हणते. ज्यांनी हे केलंय त्यांनी रक्कम कशी ठरवली, काय फसलं, ते सविस्तर लिहा.

शाहूपुरी

ताई, मुलगा दहा वर्षांच्या पुढचा असला की त्याच्या एकट्याच्या सहीचं बचत खातं निघतं, एटीएम कार्डही मिळतं. पोस्टात महिना शंभर रुपयांची आरडी काढून द्या. सहा-आठ महिन्यांत सायकल दारात.

मंगळवार पेठ, दोन मुलांचा बाप

आमच्या थोरल्याचं सांगतो. तेव्हा तो आठवीत होता. कोल्हापूरच्या पेठेतलं पोर, त्यामुळं फुटबॉल आलाच. त्याला २,६०० रुपयांचे स्टड, म्हणजे फुटबॉलचे बूट, हवे होते.

आधी तीन आठवडे काहीच बदललं नाही. फक्त रोज रात्री काय खर्च झाला ते त्याने कॅलेंडरच्या मागे लिहायचं, आणि आम्ही त्यावर एक शब्दही बोलायचं नाही. हे दुसरं जास्त अवघड गेलं. आठवड्याला साधारण पावणेदोनशे निघाले. वडापाव, सरबत, सायकलची हवा, पेनं. मग आठवड्याला २५० ठरवले, १७५ खर्चाला आणि ७५ बचतीला. वह्या, क्लासची फी, कपडे घरातून. बाहेरचं खाणं आणि मित्रांचे वाढदिवस त्याच्याकडं. ही वाटणी कागदावर लिहून फ्रीजवर लावली, कारण सगळी भांडणं या रेषेवरच होतात.

आता २,६०० ला ७५ ने भागलं तर जवळजवळ पस्तीस आठवडे लागतात. त्या वयाच्या पोराला आठ महिने म्हणजे कधीच नाही. आम्ही वेगळा विचार केला. खेळतो म्हटल्यावर साधे स्टड आम्ही घेऊन दिलेच असते, त्याला १,४०० लागले असते. तेवढे घराचे. वरचे १,२०० त्याच्या हौसेचे, ते त्याने साठवायचे. सोळा आठवडे. शेवट दिसायला लागल्यावर त्याने स्वतःच कॅलेंडरवर खुणा केल्या.

पैसे रविवारी सकाळी, रोख, सुट्टे. शनिवारी दिले तर सुट्टीतच संपतात. ७५ त्याच्याच हाताने काचेच्या बरणीत. फोनमधला आकडा त्याला जाणवत नव्हता, बरणी भरताना दिसायची.

फसलं काय ते सांगतो. पाचव्या आठवड्यात मॅच जिंकल्यावर खाऊगल्लीत पोरांना खायला घातलं आणि मंगळवारीच खिसा रिकामा. आईकडे उचल मागितली. आम्ही दिली नाही, घरचा डबा होताच. पण गुरुवारी आजीने गुपचूप शंभर हातात ठेवले. पंधरा दिवस आम्हाला कळलं नाही. कळलं ते असं, की पैसे संपलेत म्हणणारं पोरगं शनिवारी बाहेरच खाऊन येत होतं. आईला, म्हणजे त्याच्या आजीला, नको म्हणणं मला जमलं नाही. शेवटी ठरलं, आजी-मामाचे पैसे उघडपणे घ्यायचे आणि अर्धे बरणीत टाकायचे.

बरणीतून काढायला बंदी नव्हती, पण कशासाठी काढले त्याची चिठ्ठी आत टाकायची. आषाढात टेंबलाईच्या यात्रेला १५० काढले, गणपतीत मंडळाच्या टी-शर्टाला १५०. म्हणजे चार आठवडे मागे. आजीचे पैसे धरूनही स्टड आले ते दिवाळीच्या तोंडावर. दुकानात पैसे त्यानेच मोजून दिले.

पण खरं सांगायचं तर स्टड आल्यावर बरणी दोन महिने रिकामी राहिली. ७५ सुद्धा खर्चात जायला लागले. पुढचं काही हवं असेल तरच पोर साठवतं, असंच मला दिसलं. त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

कसबा बावडा, निवृत्त बँक कर्मचारी

शाहूपुरीच्या भावांचं निम्मं बरोबर आहे. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः खातं चालवता येतं, तशी मुभा रिझर्व्ह बँकेची आहे. पण किती रकमेपर्यंत आणि कार्ड द्यायचं की नाही, हे ती ती बँक ठरवते. म्हणून शाखेत आधी विचारून जा.

पोस्टाची आरडी मात्र या कामाची नाही. ती पाच वर्षांची असते आणि मोडायची झाली तरी तीन वर्षं थांबावं लागतं. सायकलीसाठी काढली तर मुलगा कॉलेजात जाईल. शिवाय महिना शंभरने आठ महिन्यांत आठशेच होतात. आधी घरातच साठवू द्या, हजार-दीड हजार झाले की मुलाला बरोबर नेऊन खात्यात भरा. स्लिप त्यालाच भरू दे.

उजळाईवाडी

माझा मुलगा पुण्यात हॉस्टेलवर आहे. महिन्याला ६,००० पाठवतो, बारा तारखेला फोन येतो. त्याच्यासाठी काय करावं?

मंगळवार पेठ, दोन मुलांचा बाप

दादा, मुलगा मोठा असला तरी हप्ता आठवड्यावर आणून बघा. मेसचे आधी बाजूला काढा आणि उरलेले दर सोमवारी पाठवा. आठवड्यात चूक झाली तर चार दिवस ओढाताण होते, महिन्यात झाली तर अठरा दिवस, आणि मग आपल्यालाच धीर धरवत नाही.

राजारामपुरी, नववीतल्या मुलाची आई

मार्कांशी जोडावेत का पैसे? किंवा घरातल्या कामाशी?

प्रतिभानगर, शिक्षिका

आम्ही कामाशी जोडले होते. भांडी लावली की दहा, गॅलरी धुतली की वीस. महिनाभर छान चाललं. मग पाहुणे आले असताना पाण्याचे ग्लास ने म्हटलं, तर लेकीने किती मिळतील विचारलं. त्या दिवशी बंद केलं.

गंगावेश

आमच्यात वहिनींच्या उलट झालं. रोजची कामं फुकटच, पण गाडी धुणं, माळा साफ करणं यांचे पैसे देतो. दोन वर्षं झाली, काही बिघडलं नाही. घराघरावर आहे.

दहावीतली मुलगी, आईच्या फोनवरून

मी पण लिहू का? माझ्याकडे डबा होता, हेडफोनसाठी. ८४० झाले होते. एकदा दूधवाल्याला सुट्टे नव्हते म्हणून आईने २०० घेतले, मग गॅसवाल्यासाठी ३००. देते देते म्हणाली. दोन महिने झाले तरी मिळाले नाहीत, आणि मी मागितले की "खातेस-पितेस ते कुणाचं" असं ऐकलं. त्यानंतर मी डब्यात काही टाकलं नाही. पैसे आले की लगेच खर्च करते, म्हणजे कुणी घेणार नाही. आई आता हे वाचेल. वाचू दे.

मंगळवार पेठ, दोन मुलांचा बाप

बाळ, बरं झालं लिहिलंस. घरच्यांनी घेतले तरी चिठ्ठी टाकायची, हे मला सुचलंच नव्हतं. आजपासून आमच्या बरणीला तो नियम लावतो.

राजारामपुरी, नववीतल्या मुलाची आई

पहिला आठवडा लिहून झाला. ४३० रुपये, त्यातले २६० क्लाससमोरच्या एकाच गाड्यावर. मी गप्प राहिले. आकडा त्याने स्वतः दोनदा बेरीज करून पाहिला. शाळेला जाण्यापुरती साधी सायकल आमची, वरचा फरक त्याचा, असं ठरतंय. पण तो फरकच ४,००० च्या पुढे जातोय. मंगळवार पेठेच्या दादांसारखे सोळा आठवडे धरले तर आठवड्याला अडीचशे बाजूला पडायला हवेत, ते होणार नाही. आधी हेल्मेट आणि लाइटसाठी साठवू दे का, सायकल नंतर? कुणी असं दोन टप्प्यांत केलंय का?