प्रतिसाद: मंगल कार्यालयाची अनामत

‘लग्नाची तारीख चार महिने आधी बदलून मागितली. कार्यालयवाले नवी तारीखही देईनात, चाळीस हजारांची अनामतही. पत्रात काय लिहू?’

काकू, पत्रात विनवणी नको. एकच प्रश्न ठळक विचारा: जुन्या तारखेला कार्यालय दुसऱ्या कुणाला दिलं का? सगळं त्यावर उभं आहे. पावतीवर ‘अनामत परत मिळणार नाही’ असं छापलेलं असलं, तरी भारतीय करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे वाजवी भरपाईच ठेवता येते. नुकसानच नसेल तर जप्ती नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाशनाथ खटल्यात सांगितलंय.

माझ्या पुतणीच्या वेळी सांगलीत असंच झालं. सोडलेल्या तारखेला तिथे दुसरंच लग्न लागलं. दारावरच्या फलकाचा फोटो पत्राला जोडला, तेव्हा पैसे मिळाले. तोवर किती अरेरावी ऐकली, संताप येतो अजून.

तारीख बदलायचं कधी कळवलं, त्याचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश छापून पावतीच्या प्रतीसोबत जोडा. पंधरा दिवसांची मुदत देऊन पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपा. उत्तर नाही आलं तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. एवढ्या रकमेला तिथे शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांचीच.