अनुभव धागा: थंडीत ब्रेडची कणीक फुगत नाही

धुळेकरीण: सुरुवात मीच करते. अर्धा किलो मैदा, 320 मिली पाणी, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. ऑक्टोबरात हेच माप सव्वा तासात दुप्पट व्हायचं. परवा सकाळी सातला मळलं, दहा वाजले तरी गोळा जसाच्या तसा, म्हणून गाईला घातला. काल पुन्हा तसंच झालं. वैतागून पातेलं झाकून झोपले, तर सकाळी कणीक झाकण उचलून बाहेर! म्हणजे यीस्ट मेलेलं नव्हतं. तुमचं काय झालं?

रावेरची सून: यीस्ट कमी पडतं गं. मी थंडीत दुप्पट टाकते, फुगतं. वास थोडा उग्र येतो, पण मुलं खातात.

भट्टीवाले काका: ताई, तो उग्र वास जास्तीच्या यीस्टचाच. खोट कणकेच्या थंडपणात आहे. कणीक मळून झाल्यावर 26 अंशांच्या आसपास हवी. सकाळी पिठाचा डबा 14 अंशांवर असतो, पाणी नळाचं, वर स्टीलची गार परात. मी 26 ची दुप्पट 52 धरतो, त्यातून पिठाचे 14 वजा करतो, म्हणजे पाणी 38 अंशांचं. बोटाला जेमतेम कोमट लागतं. परातही आधी गरम पाण्याने विसळून घ्यायची. मग झाकलेलं पातेलं बंद ओव्हनमध्ये, शेजारी उकळत्या पाण्याचा तांब्या. ओव्हन पेटवायचा नाही, तासाने पाणी बदलायचं. आणि घड्याळाकडे बघू नका. चिमूटभर कणीक सरळ काचेच्या ग्लासात दाबून रबर लावा, ती दुप्पट झाली की पातेल्यातलीही झाली.

नंदुरबारी: कोमट म्हणता म्हणता मी कढत पाणी ओतलं होतं. रात्रभर ठेवूनही ढिम्म. आता आधी वाटीत कोमट पाणी, साखर आणि यीस्ट घालून दहा मिनिटं थांबते. फेस आला तरच मैदा भिजवते.

चाळीसगावकर: आमच्याकडे कळण्याचं पीठ आहे. त्यात यीस्ट घालून ऊबेत ठेवलं, तरी भाकरीसारखंच राहिलं. थंडीमुळेच ना?

भट्टीवाले काका: नाही भो. ज्वारी-उडदात मैद्यासारखा चिवटपणा नाही, हवा धरून कोण ठेवणार? कळण्याची भाकरीच करा, वर ठेचा.

जळगावची आजी: एवढी गणितं कशाला? आपल्याकडे पहाटे हुडहुडी भरते, पण दुपारी ऊन चटचटतं. अकराला मळते आणि गच्चीवर भिंतीच्या आडोशाला ठेवते. ओलं फडकं मात्र हवंच, नाहीतर वर पापडी धरते.

धुळेकरीण: आज 38 चं पाणी आणि तांब्या करून पाहिलं, पावणेदोन तासांत ग्लासातली खूण दुप्पट. पण खरं सांगू? रात्रभर राहिलेल्या कणकेचा ब्रेड चवीला जास्त चांगला होता. घरात मात्र यावरून दोन तट पडलेत. ह्यांना तो आंबट लागला.